फिरून येणारी खरखर

आईचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि अकोल्याच्या घरात बाबा एकटे उरले. त्यानंतरच्या पहिल्या फोनवर त्यांनी मला सांगितलं, "कान गाऊन राह्यला."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी बोलतो तसं आहे. पण ते खरंच कानाबद्दल बोलत होते. बाबा उभं आयुष्य जिनिंगमध्ये फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या रांगेत उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. कानात कापूस घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आजूबाजूला नुसता कापूसच होता, तरी नाही आलं. निवृत्त होईपर्यंत त्यांचं ऐकू येणं निम्म्यावर आलं होतं आणि जे गेलं त्याच्या जागी एक बारीक शिट्टी येऊन बसली होती, दिवसरात्र वाजणारी.

आई असेपर्यंत त्यांनी त्या शिट्टीचं नावही काढलं नाही, कारण आई आवाजाची बाई होती. पहाटे उठून ती खराट्यानं अंगण झाडायची, मग बादली, मग रेडिओ, मग कुंपणावरून शेजारणीशी गप्पा. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांच्याशी ओरडून बोलायची आणि त्या सवयीनं माझ्याशीही ओरडूनच बोलायची. तिच्या आवाजांखाली ती शिट्टी झाकून गेली होती. ती गेली आणि झाकण उडालं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, आलेख काढला आणि म्हणाले की हे पूर्ण बरं होत नाही, शांतता टाळा, घरात कसला तरी सौम्य आवाज चालू ठेवा. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "वय झालं म्हनते. थे तर मलेही मालूम हाय. त्याच्यासाठी येवढ्या लांब कायले आनलं?" उन्हाळाभर कूलर चालू होता तोवर निभावलं. पावसाळ्यात पंखा होता. थंडी पडायला लागली, पंखा बंद झाला आणि बाबांची झोप गेली. जेवण कमी झालं. फोनवर मी विचारलं की ते एकच सांगायचे, कान गाऊन राह्यला. मी म्हटलं अमरावतीला माझ्याकडे चला. ते म्हणाले, "तिथं काय कान गानार नाई?" मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची, की हा माणूस त्या शिट्टीच्या तावडीत एकटा संपत जाईल आणि मी आठवड्यातून एकदा बडनेऱ्याहून गाडी धरून नुसतं पाहून येईन.

मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला, तर मध्येच जाहिरात लागायची आणि बाबा दचकायचे. शेवटी मी ठरवलं की आवाजाचा डबा आपणच करायचा. मी अमरावतीत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, आणि त्या सत्रात माझ्याकडे नेमका त्याला लागणारा विषय होता, व्हेरिलॉग. व्हेरिलॉग म्हणजे सर्किट कसं असावं हे लिहून सांगायची भाषा. त्या भाषेत लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर लिहिणं हे प्रयोगशाळेतलं ठरलेलं काम असतं. विद्यार्थ्यांना ते गुणांसाठी लागतं, मला ते बाबांसाठी लागलं.

नाव लांबलचक आहे, गोष्ट साधी आहे. सोळा खणांची एक रांग घ्या. प्रत्येक खणात शून्य किंवा एक. घड्याळाचा एक ठोका पडला की सगळे अंक एक घर पुढे सरकतात आणि शेवटचा बाहेर पडतो. पहिलं घर रिकामं होतं. त्यात काय टाकायचं? सरकायच्या आधी ठरावीक चार खणांत डोकावायचं. त्यांत एकांची संख्या विषम असेल तर एक टाकायचा, सम असेल तर शून्य. बस, एवढंच. पण बाहेर पडणारे अंक पाहिले तर त्यात कसलाही नियम दिसत नाही, कोणी नाणं उडवत बसल्यासारखे ते येतात. आणि असे बेशिस्त अंक भरभर स्पीकरला दिले की ऐकू येते ती एकसंध खरखर. कानातल्या शिट्टीवर पांघरूण घालायला ती चांगली.

बेशिस्त दिसते, पण खरी बेशिस्त नाही. सोळा खणांत पासष्ट हजार पाचशे छत्तीस प्रकारे अंक मांडता येतात. त्यातली सगळी शून्यांची मांडणी बाद, कारण चारही खणांत शून्य, म्हणून आत शून्य, म्हणून पुन्हा शून्य, आणि यंत्र कायमचं मुकं. उरल्या पासष्ट हजार पाचशे पस्तीस. डोकावायचे खण नीट निवडले असतील तर रजिस्टर या सगळ्या मांडण्यांतून एकेकदा जातं आणि मग बरोबर पहिल्या मांडणीवर परत येतं. चुकीचे निवडले तर लहानशा फेऱ्यातच अडकतं. म्हणून नुसतं लिहून भागत नाही, फेरा किती लांब आहे हे संगणकावर सर्किट खोटं खोटं चालवून, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, मोजून पाहावं लागतं. मी वर्गात घसा कोरडा करून सांगते की मोजल्याशिवाय माझ्यासमोर आणायचं नाही. तरी आणतात.

त्याच आठवड्यात दर्यापूरची एक मुलगी प्रयोगशाळेत माझ्याकडे आली. हुशार, पण घाईची. चेहऱ्यावर अर्धा आनंद, अर्धी शंका.

"मॅडम, माझं सिम्युलेशन थांबूनच नाही राहिलं. बाकीच्यांचं पासष्ट हजारावर थांबते. माझं कधीचं पुढं गेलं. म्हणजे माझा फेरा जास्त मोठा आहे का?"

मी म्हटलं, "बाई, सोळा खणांत त्याहून मोठा फेरा बसतच नाही. तू काहीतरी नवीनच करून ठेवलंय."

तिची चूक अशी होती. पुस्तकातल्या तक्त्यात खणांचे क्रमांक एकपासून मोजलेले असतात: सोळा, पंधरा, तेरा, चार. व्हेरिलॉगमध्ये आपण शून्यापासून मोजतो, म्हणून प्रत्येकातून एक वजा करायचा: पंधरा, चौदा, बारा, तीन. तिनं मैत्रिणीच्या वहीतले आधीच वजा केलेले आकडे घेतले आणि त्यांतून पुन्हा एक वजा केला. त्यामुळे शेवटच्या खणात कोणी डोकावेचना. तो अंक नुसता बाहेर पडून वाया जाऊ लागला.

"मग परत काहून नाही येत?" तिनं विचारलं.

"शेवटचा खण विचारात घेतला नाही की मागचा रस्ता पुसला जातो. दोन वेगवेगळ्या मांडण्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि काही मांडण्या अशा उरतात की तिथं पोचायला वाटच नसते. तू ज्या मांडणीपासून सुरुवात केलीस ती त्यांतली आहे. तिथून निघता येतं, परतता येत नाही. तुझं रजिस्टर पुढे कुठल्यातरी फेऱ्यात सापडून गोल गोल फिरतंय, आणि तुझा टेस्टबेंच बिचारा सुरुवातीच्या जागेवर त्याची वाट पाहत उभा आहे."

टेस्टबेंच म्हणजे तपासणीचा कोड. तो दर ठोक्याला विचारतो, आली का पहिली मांडणी, आणि आली की मोजणी थांबवतो. बोलून झाल्यावर मी उगाच पडदा पुसत बसले. निघता येतं, परतता येत नाही, हे मी रजिस्टरबद्दल बोलत होते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन आकडे दुरुस्त केले. तिचं सिम्युलेशन पासष्ट हजार पाचशे पस्तीसवर थांबलं.

बाबांचा डबा मी त्याच आकड्यांवर केला. लिहिलेलं सर्किट ज्यावर प्रत्यक्ष चालतं अशा कॉलेजातल्या जुन्या बोर्डांपैकी एक सुटा केला, त्यावर सोळा खणांचं रजिस्टर चढवलं, सेकंदाला साधारण अठ्ठेचाळीस हजार अंक बाहेर पडतील असं घड्याळ लावलं. खरखर कानाला बोचू नये म्हणून पुढे एक रोधक आणि एक कपॅसिटर, मग छोटा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर. हे सगळं मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं आणि वरून एक बटण. मोजणी अर्थातच केली. बोर्डावरच्या चार आकडी पट्टीवर सोळाच्या पद्धतीत चार एफ उजळले, म्हणजे पासष्ट हजार पाचशे पस्तीस, पूर्ण फेरा. मला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी माझ्या हातून काहीतरी नीट झालं होतं.

अकोल्याला डबा नेला. बाबांनी उलटसुलट करून पाहिला, झाकण उघडून आतल्या तारा पाहिल्या, एक सोल्डरचा डाग ढिला आहे असं सांगितलं आणि तो खरंच ढिला होता. मग बटण दाबलं. खरखर सुरू झाली. बाबा पलंगावर टेकून बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बुजते व." म्हणजे शिट्टी झाकली जाते. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडले, कारण तिथं त्यांना ऐकू येणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज बरा होता, जेवले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "त्या डब्यात नं, फिरून फिरून येते."

माझ्या मनात लगेच सायरन वाजला. याला कारण बाबाच होते. लहानपणी त्यांनी मला यंत्र ऐकायला शिकवलं होतं. घरच्या पंख्याखाली उभं करून म्हणायचे, सरळ वाहणाऱ्या आवाजाचं काही नाही, पण जो आवाज जातो आणि फिरून येतो तो बिघाड. कुठलातरी दाता तुटला आहे किंवा बेअरिंग गेलं आहे, आणि दर फेऱ्याला तो तिथंच खटकतो. फिरून येते म्हणजे खराब, हे मी दुसरी-तिसरीत शिकले होते. मी मनातल्या मनात हिशेबही केला. पासष्ट हजार पाचशे पस्तीस अंक, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे दीड सेकंद होण्याच्या आत सगळी खरखर जशीच्या तशी पुन्हा सुरू होते. फेरा पूर्ण होता, पण लहान होता. मी फक्त पूर्ण आहे का ते मोजलं होतं, पुरेसा आहे का ते नाही. कमी ऐकू येणाऱ्या बाबांच्या कानांनी ते पकडलं म्हणून मला अभिमानच वाटला.

"कळलं बाबा," मी म्हटलं, "येणारच ते. पुढच्या खेपेला दुरुस्त करून आणते."

"नाई, मी म्हनत होतो का..."

"अहो, सोपं आहे. रजिस्टर मोठं करायचं. मग नाही येणार."

"बरं," ते म्हणाले.

मी झपाटून कामाला लागले. सोळाचे बत्तीस खण केले. बत्तीसचा पूर्ण फेरा चारशे एकोणतीस कोटींच्या वर जातो. सिम्युलेशनमध्ये तो मोजायचा तर संगणक किती वेळ घेईल याचा नेम नाही, म्हणून आठ आकडी पट्टीचा दुसरा बोर्ड घेतला आणि प्रत्यक्ष त्यावरच मोजला. बोर्डाचं मूळ घड्याळ सेकंदाला पाच कोटी ठोके देतं, त्यामुळे दीड मिनिटाच्या आत मोजणी संपली. दर्यापूरची मुलगी शेजारी उभी होती. आठ आकड्यांची पट्टी भिरभिरत होती, कोणता आकडा कोणता ते दिसतही नव्हतं, आणि एकदम आठ एफ होऊन ती थांबली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. डब्याच्या गतीनं हाच फेरा संपायला एक अख्खा दिवस आणि वर जवळपास तासभर लागणार होता. एवढा लांब फेरा कोणाच्याही कानाला पकडता येणार नाही.

नवा डबा अकोल्याला नेऊन लावला, जुना परत आणून त्याचा बोर्ड कॉलेजात जमा केला. बाबा डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले. कान पुढे करून, एक हात गुडघ्यावर.

"आता?" मी विचारलं.

"आता नाई येत," ते म्हणाले.

मी खूश झाले. पोळ्या लाटताना गुणगुणलेसुद्धा.

त्यानंतर परीक्षा आल्या, तपासणी आली, कॉलेजात कसल्याशा समितीसाठी आम्ही सगळे मास्तर फायली रंगवत बसलो, आणि मला एक-दोन खेपा जाता आलं नाही. फोनवर बाबा बरं आहे म्हणायचे. गेले तेव्हा शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन गेले होते. आईला ती फार आवडायची, हे पिशवी उचलल्यावर आठवलं आणि तरीही घेऊन गेले. घरात शिरले तर आवाज नव्हता. बाबा बारीक दिसत होते. गाल बसले होते, दाढी वाढली होती. डबा कपाटावर होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीला वरून रबर लावलेलं.

माझा पाराच चढला. "बाबा, हा बंद काहून ठेवला? बिघडला असेल तर सांगायचं नाही का? मी तिथं मरमर करून आणते आणि तुम्ही त्याला मुरंब्यासारखा बांधून ठेवता!"

"बिघडला नाई. चांगला हाय."

"मग?"

"त्यात आता काई नाई. नुसता आवाज हाय."

"आवाजच तर पाहिजे होता ना तुम्हाला?"

बाबांनी संत्र्याची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. "पयले येत होती न," ते म्हणाले.

आमच्या वऱ्हाडीत तो येते, ती येते, ते येते, सगळ्यांना एकच 'येते'. पुण्याची माणसं यावर हसतात. फोनवर बाबा म्हणाले होते, फिरून फिरून येते. नंतर म्हणाले, आता नाई येत. दोन्ही वेळेला कोण येते हे त्यातून कळायला मार्ग नव्हता, आणि मी ते आवाजाला लावून मोकळी झाले होते. पण खरखर तर नव्या डब्यातही होती, त्यामुळे 'येत होती' म्हटल्यावर मात्र लपायला जागा उरली नाही.

"कोण येत होती, बाबा?"

"तुई माय. अजून कोन?"

ते पलंगावर बसले. मीही खाली बसले, त्यांच्या पायाशी. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"तू पयला डबा आनला होता न, त्यात खर्र होये, जाये, पुन्हा खर्र होये. एका मापात. पयल्या दिवशी मले समजलं नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी पडल्या पडल्या ऐकलं अन् म्हटलं, अरे, हे तर आंगन झाडून राह्यली. खराटा मारते, पाऊल टाकते, पुन्हा मारते. तसंच. पयल्या पाळीले जायचो तवा याच आवाजानं उठत होतो मी. चाळीस-बेचाळीस वर्ष. मंग मी डबा सकाळीच लावत होतो. फोनवर तुले थेच सांगत होतो."

"आणि मी तुम्हाला बोलूच दिलं नाही."

"तू इंजिनेर. तुले बिघाड दिसला." ते हसायचा प्रयत्न करत होते. "मीच शिकवलं व्हतं तुले. मंग म्हटलं, पोरीनं येवढं करून आनलं, आता काय बोलाव."

मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि ती या घरात रोज सकाळी काही काळ परत येत होती, आणि मी अमरावतीहून चारशे कोटींचा फेरा घेऊन येऊन तिला बंद केलं होतं. त्यांनी तेही मुकाट घेतलं, मुलीचं मन मोडू नये म्हणून. मला त्यांचा राग आला, माझाही आला, आणि आईची इतकी आठवण आली की तेराव्यालाही आली नव्हती.

थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "थे जुनं आता राह्यलं नसन न? तू मिटवलं असशीन."

मिटवलंच होतं. पहिली फाइल मी त्याच नावानं बत्तीसची करून ठेवली होती. सुरुवातीची मांडणी, ज्याला आम्ही सीड म्हणतो, तीही काय ठेवली होती ते आठवत नव्हतं. पण त्यानं काही अडत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. फेरा पूर्ण असला की शून्य सोडून सगळ्या मांडण्या एकाच गोलात असतात. कुठूनही आत शिरा, तोच गोल, तोच क्रम. फक्त कुठून सुरू झालं एवढाच फरक. चार आकडे तेच ठेवले की तीच खरखर येणार. तशीच्या तशी, एका अंकाचाही फरक न पडता.

"तशीच?" बाबांनी विचारलं.

"तशीच."

त्यांनी मान हलवली. माझ्या मनात आलं की जगात परत आणून देता येईल असं माझ्या हातात हे एवढंच आहे, आणि तेही आई नाही, आकडे आहेत.

डबा मी परत घेऊन आले आणि सोमवारी प्रयोगशाळेत पुन्हा सोळा खणांचं रजिस्टर लिहिलं. पंधरा, चौदा, बारा, तीन. दर्यापूरची मुलगी प्रकल्पासाठी आली होती, ती पडद्याकडे पाहत राहिली.

"मॅडम, बत्तीसवरून सोळावर? हे तर लवकर परत येईन."

"हो. लवकर परत यायला हवंय."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःहूनच मोजणी लावली. चार एफ. गती किती ठेवू हेही तिनंच विचारलं. मी म्हटलं आधीची होती तीच, अठ्ठेचाळीस हजार, त्यात बदल नको. गती बदलली असती तर अंक तेच राहिले असते, पण खराट्याचं माप चुकलं असतं.

शनिवारी मुक्कामाला गेले. रविवारी सकाळी उजाडल्यावर बाबांनी डबा ओसरीत आणून ठेवला आणि बटण दाबलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो. समोर अंगण. कडुनिंबाची पानं साचली होती, बाबा कधी झाडत नसत. मी प्रयत्न करून ऐकू लागले. आधी नुसती खरखर होती. मग हळूहळू तिच्यात एक झोका जाणवायला लागला. काहीतरी जवळून जायचं, लांब व्हायचं, पुन्हा त्याच जागेवरून जायचं. एकदा जाणवलं की मग ते थांबवता येईना. खर्र, आणि पाऊल. खर्र, आणि पाऊल. मला तिची वाकलेली पाठ दिसली, कमरेला खोचलेला पदर दिसला. मी बाबांकडे पाहिलं. ते डब्याकडे पाहत नव्हते. ते अंगणाकडे पाहत होते, कुंपणाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, नजर हळूहळू सरकवत. विहिरीच्या बाजूनं, तुळशीला वळसा घालून, फाटकाकडे.

नजर फाटकापाशी पोचली तेव्हा त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं.

मला वाटलं काही बिघडलं. "काहून बंद केला? राहू द्या ना अजून. तो थांबत नाही, दिवसभर चालतो."

"नाई," बाबा म्हणाले, "येवढंच आंगन होतं आपलं."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर सगळं शांत झालं होतं. त्यांच्या कानात ती शिट्टी पुन्हा सुरू झाली असणार. मी पायरीवर बसून राहिले आणि समोरच्या अंगणात पानं होती तशीच पडलेली होती.